शेवटच्या मुलाचे मार्क

माऊ,

कट-ऑफ म्हणजे त्या कॉलेजात, त्या शाखेत, त्या रांगेतून सगळ्यात शेवटी ज्याला जागा मिळाली त्या मुलाचे मार्क. एवढंच. मार्गासनीपासून स्वारगेटपर्यंत या आकड्याची जी भीती घातली जाते, तिचा खरा ऐवज इतकाच आहे.

हा आकडा कुणी ठरवत नाही. फर्ग्युसनचे प्राचार्य मिटिंग घेऊन "यंदा सायन्सला एवढ्याखाली कुणाला घ्यायचं नाही" असं म्हणत नाहीत. मुलं अर्ज भरतात, कॉम्प्युटर मार्कांच्या उतरत्या क्रमाने एकेकाला त्याच्या पसंतीप्रमाणे जागा देत जातो, जागा संपतात आणि शेवटच्या जागेवर जो बसला त्याचे मार्क यादीत छापले जातात. म्हणजे प्रवेश आधी होतात, कट-ऑफ मागून निघतो. त्यामुळे "यंदा कट-ऑफ किती आहे?" या मामाच्या प्रश्नाला फेरी लागेपर्यंत खरं उत्तरच नसतं. आज जी यादी गावाच्या ग्रुपवर फिरतेय ती मागच्या वर्षीची आहे. त्या वर्षीची मुलं वेगळी आणि त्यांचे मार्कही वेगळे.

तुमच्या भागाला हे सगळं नवीन आहे, यात तुझा काही दोष नाही. अकरावीचे केंद्रीय ऑनलाइन प्रवेश 2025 पर्यंत मुंबई महानगर, पुणे-पिंपरी चिंचवड, नाशिक, नागपूर, अमरावती एवढ्यापुरतेच होते. वेल्ह्यात आणि भोरमध्ये पोरं गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला घेऊन कॉलेजच्या खिडकीवर जायची, क्लार्क फी घ्यायचा आणि प्रवेश व्हायचा. 2025-26 पासून आख्खं राज्य एकाच पोर्टलवर आलं. आता मार्गासनीच्या मुलीने विंझरला जायचं ठरवलं तरी फॉर्म तोच आणि शिवाजीनगरला जायचं ठरवलं तरी तोच. आपल्याकडे शिकवायला मात्र कुणी आलं नाही. एक लिंक आली आणि सायबर कॅफेवाल्याने शंभर रुपयांच्या नोंदणीवर स्वतःचे पैसे लावून धंदा सुरू केला.

आधी तुझे मार्क नीट बघू. मराठी 84, हिंदी 76, इंग्रजी 82, गणित 91, विज्ञान 88, सामाजिक शास्त्रे 93. बेरीज 600 पैकी 514. मामा सगळ्यांना पाचशे चौदा सांगतोय. आणि तुझ्या आत्याने ग्रुपवर आलेल्या यादीत एका कॉलेजपुढे 471 बघून "हिला तर सहज मिळेल" असं जाहीर केलंय. मिळणार नाही. यादीतले 471 हे 500 पैकी आहेत. आपल्या बोर्डात टक्केवारी 'बेस्ट ऑफ फाइव्ह'वर निघते. सहातला सगळ्यात कमी मार्कांचा विषय, म्हणजे तुझा हिंदी, बाजूला ठेवायचा. 514 मधून 76 गेले, राहिले 438. तुझा प्रवेशाचा आकडा 438, टक्के 87.60. तुलना करायची ती या आकड्याची. घरच्यांनी काढलेले 85.67 टक्केही विसर. गुणपत्रिकेवर छापलेत तेच टक्के चालतात. चित्रकलेच्या ग्रेड परीक्षांचे किंवा खेळाचे सवलतीचे गुण मिळाले असतील तर तेही गुणपत्रिकेत धरलेले असतात. वर पुन्हा कुणी मिळवायचे नाहीत.

आता 438 आणि 471 मधल्या तेहतीस मार्कांनी खचू नकोस. त्या 471 च्या मागे काय होतं ते बघ. इथे घरातली मोठी माणसं हमखास फसतात, म्हणून जरा सावकाश सांगतो.

समज, पुण्यातल्या एका कॉलेजात सायन्सच्या 120 जागा आहेत. हे मी नमुन्यादाखल धरलेलं कॉलेज आहे, नाव शोधत बसू नकोस. शाळा आणि कॉलेज एकाच संस्थेचं असलं तर 10 टक्के जागा त्यांच्याच शाळेतल्या मुलांच्या, त्याला इनहाउस कोटा म्हणतात. गेल्या 12. व्यवस्थापन कोटा 5 टक्के, गेल्या 6. उरल्या 102. त्यावर सामाजिक आरक्षण: अनुसूचित जाती 13, जमाती 7, भटक्या-विमुक्तांचे चार गट मिळून 11, ओबीसी 19, विशेष मागास 2, एसईबीसी 10, आर्थिक दुर्बल 10. सगळे मिळून 72 टक्के. राहिले 28 टक्के, म्हणजे 102 पैकी साधारण 29 जागा. कुठलंही आरक्षण नसलेल्या जागा तेवढ्याच, आणि 471 हा त्या 29 जागांचा कट-ऑफ आहे. 120 चा नाही.

शिवाय या 29 जागा खुल्या 'प्रवर्गा'च्या मालकीच्या नाहीत. तिथे सगळे उतरतात. ज्या ओबीसी मुलाला 480 आहेत तो आधी या 29 मध्येच बसतो, त्याची गणना आरक्षित जागेत होत नाही. म्हणून ती रांग सगळ्यात उंच असते. प्रत्येक प्रवर्गात 30 टक्के जागा मुलींच्या आहेत, त्यामुळे मुलींचा आकडा काही वेळा वेगळा दिसेल. तुमचं एसईबीसीचं प्रमाणपत्र असेल तर तुला दोन रांगा आहेत: खुली, आणि साधारण दहा जागांची एसईबीसीची. तू त्या दुसऱ्या ओळीतला आकडा बघायलाच हवा. ग्रुपवरच्या यादीत तो नव्हता, कारण ती यादी कुणीतरी स्वतःपुरती कापून टाकली होती. पूर्ण तक्ता mahafyjcadmissions.in वर असतो. तिथे बघ. फॉरवर्डवर विसंबून आयुष्याची दोन वर्षं ठरवू नकोस.

तक्ता बघताना कॉलेजच्या नावावर थांबू नकोस, आख्खी ओळ वाच. एकाच कॉलेजच्या चार-पाच ओळी असतात. सायन्स अनुदानित, सायन्स विनाअनुदानित, कॉमर्स इंग्रजी माध्यम, आर्ट्स मराठी माध्यम, अशा. अनुदानित तुकडीत फी कमी, म्हणून तिथे उड्या पडतात आणि आकडा वर जातो. त्याच इमारतीत, बहुतेक वेळा त्याच प्रयोगशाळेत बसणारी विनाअनुदानित तुकडी खाली बंद होते, पण फी कित्येक पटींनी जास्त. मामाने "या कॉलेजला 440 ला मिळतंय" म्हणून आनंदाने फोन ठेवला तेव्हा तो विनाअनुदानित ओळ वाचत होता. मार्क जुळले म्हणजे खिसा जुळला असं नाही. फीचा आकडा पोर्टलवर कॉलेजच्या माहितीत असतो. पसंती टाकायच्या आधी तो बघायचा. प्रवेशाच्या खिडकीवर पोचल्यावर बघून उपयोग नाही.

आता सगळ्यात जुना गैरसमज. कट-ऑफ जास्त म्हणजे कॉलेज चांगलं.

आकडा गर्दी मोजतो. शिकवणं मोजत नाही. स्वारगेटची एसटी नसरापूर फाट्यावर भरून आली तर शेवटचा माणूस पायरीवर लटकतो, रिकामी आली तर शेवटी धावत आलेलाही खिडकीत बसतो. त्यावरून ड्रायव्हर कसा ते कळत नाही. 2025 मध्ये राज्यात अकरावीच्या जागा 21 लाखांच्या आसपास होत्या आणि नोंदणी केलेली मुलं साधारण 14 लाख. म्हणजे बहुसंख्य कॉलेजांत शेवटचा कुणी बाहेर राहतच नाही. 120 जागांना 70 अर्ज आले तर सत्तरच्या सत्तर आत येतात, आणि त्यातल्या सगळ्यात कमी मार्कांच्या पोराचे 175 असतील तर कट-ऑफ 175 छापला जातो. लोक तो वाचून म्हणतात, "पस्तीस टक्केवाल्यांचं कॉलेज." त्याच वर्गात शेजारी 440 ची मुलगी बसलेली असते, ती यादीत कुठेच दिसत नाही. विंझर, नसरापूर, भोर इथल्या कॉलेजांबद्दल बोलताना हे लक्षात ठेव. तिथे बघायचं ते वेगळंच: फिजिक्स आणि गणिताला पूर्णवेळ शिक्षक आहेत का, प्रॅक्टिकल खरंच होतात का, मागच्या वर्षीच्या बारावीच्या मुलींना विचारलं तर त्या काय सांगतात. यातलं एकही कट-ऑफमध्ये येत नाही. जाऊन विचारावं लागतं, आणि तू राहतेस तिथून ते विचारणं सोपं आहे.

उलटही घडतं. पुण्याच्या कडेला एखादं नाव न ऐकलेलं कॉलेज असतं आणि सायन्सचा कट-ऑफ अचानक नव्वद टक्क्यांच्या वर. तिथे थांब आणि चौकशी कर. अनेकदा एखाद्या मोठ्या क्लासशी त्याचं साटंलोटं असतं. पोरं दिवसभर क्लासात, कॉलेज फक्त हजेरी आणि परीक्षेच्या फॉर्मपुरतं. क्लासवाला आपली सगळी मुलं तिथे पाठवतो, म्हणून गर्दी होते आणि आकडा चढतो. हा प्रकार रोखायला सरकारने 2018 मध्ये सायन्सच्या मुलांची बायोमेट्रिक हजेरी सक्तीची केली होती. प्रकार संपला नाही. क्लासची लाखांतली फी भरणार नसशील तर त्या कॉलेजात तुझं काय काम? रिकामे बाक बघायला जायचं नाही.

आता फेऱ्या. "पहिल्या यादीत नाही आलं तर थांबू, दुसऱ्या यादीत खाली येतोच," असं प्रत्येक गावात एक माणूस सांगतो. येतोच असं नाही.

आपल्या त्याच नमुन्याच्या कॉलेजात पहिल्या फेरीला 29 खुल्या जागा 471 ला बंद झाल्या. त्यातल्या पाच मुलांना ते कॉलेज दुसऱ्या-तिसऱ्या पसंतीचं होतं, त्यांनी प्रवेश घेतला नाही. पाच जागा मोकळ्या झाल्या. ज्यांचे 470, 469 आहेत ते वाट बघतायत. पण फेऱ्यांच्या मधे पसंतीक्रम बदलता येतो. 476, 475, 474 वाली सहा-सात मुलं पहिल्या फेरीत फक्त शहरातली सगळ्यात वरची कॉलेजं टाकून बसली होती, त्यांना काहीच मिळालं नाही. ती आता घाबरून हे कॉलेज यादीत घालतात. जागा पाच, आणि पाचवी 474 ला संपते. दुसऱ्या फेरीचा कट-ऑफ पहिलीपेक्षा तीन मार्कांनी वर गेला. वाट बघणारे दोघेही तिथेच राहिले. पुणे-मुंबईच्या नावाजलेल्या कॉलेजांत असं बहुतेक दरवर्षी कुठे ना कुठे होतं.

खाली कधी येतो? इनहाउस किंवा व्यवस्थापन कोट्याच्या जागा भरल्या नाहीत आणि कॉलेजने त्या केंद्रीय प्रवेशासाठी परत दिल्या, तर जागा वाढतात आणि आकडा उतरतो. तेव्हा फेरी लागण्याआधी रिक्त जागांचा तक्ता येतो तो उघडायचा. तुझ्या ओळीत जागा पाच आहेत की पंचवीस, हे तिथे दिसतं. दुसऱ्या फेरीचा अंदाज पहिल्या फेरीच्या कट-ऑफवरून बांधण्यापेक्षा या रिकाम्या जागांवरून बांधलेला बरा.

मग पसंत्या कशा लिहायच्या? एक ते दहा लिहिता येतात. पण पहिल्या नंबरचा नियम कडक आहे, तो नीट ऐक. पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं की तिथे प्रवेश घ्यावाच लागतो. नाही घेतला तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून नाव बाहेर, आणि सगळ्यांसाठीची खुली फेरी शेवटी येईपर्यंत घरी बसायचं. तोवर चांगल्या जागा संपलेल्या असतात. दोन ते दहामधलं काही मिळालं तर घ्यायचं की पुढे थांबायचं हे तुझ्या हातात. 2025 च्या पहिल्या फेरीत 6 लाख 32 हजार मुलांना कॉलेज मिळालं आणि त्यातल्या 4 लाख 57 हजारांना पहिल्या पसंतीचंच. वरवर बघता फार छान. पण यात अशी किती पोरं असतील ज्यांनी घाबरून, "हे नक्की मिळेल" म्हणून सोपं कॉलेज पहिल्या नंबरवर लिहिलं आणि स्वतःला तिथेच बांधून घेतलं, याचा विचार करून मला राग येतो. त्यांना हे कुणी सांगितलं नाही म्हणून.

अवघड कॉलेज वर लिहिल्याने काहीही नुकसान होत नाही. कॉम्प्युटर तुझे मार्क घेतो, पहिल्या पसंतीत जागा आहे का बघतो, नसेल तर दुसरीकडे जातो. तिथे तू ते दुसऱ्या नंबरवर लिहिलंस म्हणून तुला मागे ढकलत नाही. 438 वाली मुलगी ते कॉलेज सातव्या नंबरवर लिहूनही 437 वाल्या पहिल्या नंबरच्या मुलाच्या आधी बसते. म्हणून क्रम मनातला लिही, आकड्यांचा नको. आकडे फक्त दोन गोष्टींसाठी वापर. एक, दहाच्या दहा पसंत्या 471 च्या रांगेतल्या तर नाहीत ना. दोन, शेवटची एक-दोन अशी आहेत ना, जिथे मागच्या दोन्ही वर्षी तुझ्याच ओळीचा कट-ऑफ 438 च्या बराच खाली होता. दोन वर्षं अशासाठी की एकाच वर्षाचा आकडा चकवतो. 2025 ला दहावीत 211 मुलांना शंभर टक्के होते. ज्या वर्षी वरचे मार्क असे दाटतात त्या वर्षी दोन-तीन मार्कांच्या फरकात शेकडो पोरं उभी असतात आणि आकडा सरकतो. तुझे मार्क मागच्या कट-ऑफपेक्षा तीन-चारने जास्त असतील तर ते 'नक्की' धरू नकोस, आणि तेवढेच कमी असतील तर ते कॉलेज गाळूही नकोस.

जिथे जाणं जमणार नाही ते मात्र लिहूच नकोस. पुण्यात सकाळी सातची तुकडी मिळाली तर मार्गासनीहून रोज ये-जा होणार नाही, हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. कात्रजला माझ्याकडे राहायचं ठरलं तर कात्रज-धनकवडी-स्वारगेटच्या बाजूची कॉलेजं घेऊ. ते नको असेल तर वसतिगृहाची यादी वेगळी लागते आणि बऱ्याचदा प्रवेश झाल्यावर लागते, म्हणजे कॉलेज मिळालं आणि राहायला जागा नाही अशी वेळ येऊ शकते. मामी हो म्हणेपर्यंत शिवाजीनगरकडचं काही पहिल्या नंबरवर टाकू नकोस. मिळालं आणि घरून नाही म्हणाले तर शिक्षा तुलाच आहे.

आता कामं. एसईबीसीची ओळ वापरायची तर जातीचा दाखला आणि नॉन-क्रिमीलेअर दोन्ही लागतात. नॉन-क्रिमीलेअर काढलेलं नसेल तर मामाला उद्याच सेतूत पाठव, निकालानंतर तिथे रांग असते. पावती मिळाली की तिचा फोटो मला पाठव, आणि पावतीवर किती दिवस सवलत आहे ते यंदाच्या माहितीपुस्तिकेत आपण दोघं वाचू. कागद नसताना फॉर्ममध्ये प्रवर्गावर टिक केलं आणि पडताळणीत सापडलं नाही तर मिळालेली जागा जाते. त्यापेक्षा खुल्यातून भरलेलं चालेल.

फॉर्मच्या भाग एकमध्ये मोबाइल नंबर घरातला घाल. सायबरवाला सवयीने स्वतःचा घालतो, मग ओटीपी त्याच्याकडे, पासवर्ड त्याच्याकडे, आणि तुला पसंती बदलायची असली की त्याचं दुकान उघडायची वाट बघायची. भाग दोन, म्हणजे पसंत्या, तू स्वतः भर. सबमिट आणि लॉक केल्याशिवाय भरलेला फॉर्म धरला जात नाही, हे तपासून प्रिंट घे. जागा लागली आणि घ्यायची ठरली तर लॉगिनमध्ये Proceed for Admission दाबून मुदतीच्या आत कागदपत्रं घेऊन कॉलेजात जायचं. शेवटच्या दिवसावर ढकलू नकोस, वेल्ह्याकडे नेटवर्क कसं जातं ते तुला माहीत आहे.

येत्या रविवारी मी येतोय. तोपर्यंत पोर्टलवरून तुझ्या मनातल्या दहा कॉलेजांच्या मागच्या दोन वर्षांच्या ओळी वहीत उतरवून ठेव: शाखा, माध्यम, अनुदानित की विना, खुला आकडा, एसईबीसी आकडा, फी. तुझ्या त्या मैत्रिणीलाही बसव शेजारी, तिचे वडील प्रकल्पग्रस्त आहेत आणि त्या 5 टक्क्यांच्या समांतर आरक्षणाचं तिला कुणी सांगितलेलं दिसत नाही.

तुझा,
दादा